सिंहली शाळेची नोटीस वाचताना: सारखी दिसणारी अक्षरं आणि क्रियापदांची औपचारिक रूपं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेत राहणारी, सिंहली बऱ्यापैकी बोलू लागलेली मराठी माणसं मुलाच्या शाळेची नोटीस हातात आली की थबकतात. बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्यांशी चालणारी भाषा त्या कागदावर नसते. हे प्रश्न अशा वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांत सिंहली शब्द देवनागरीत दिले आहेत आणि जिथे आकारच महत्त्वाचा आहे तिथे मूळ अक्षर दाखवलं आहे. देवनागरीत वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शब्दाच्या शेवटचा अ सिंहलीत उच्चारला जातो, म्हणजे 'पासल' (शाळा) हा शब्द 'पासल्' असा तोडायचा नाही. आणि ॅ हे चिन्ह आपल्या 'बॅट'मधलंच आहे. सिंहलीत तो स्वर पदोपदी येतो, त्यामुळे मराठी लिपी इथे फार सोयीची पडते.

नोटीस नेमकी कशी असते? एखादा नमुना द्याल का?

हा नमुना मी शिकवण्यासाठी जुळवला आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द शाळांच्या फलकावर दिसणारा आहे.

> हयवन श्रेणिये देमापिय रॅस्वीम लबन सिकुरादा पेरवरु ८.३०ट प्रधान शालावेदी पॅवॅत्वे. सियलु देमापियन् पॅमिणिय युतुय. प्रगति वार्ता एदिन पमणक् लबा देनु लॅबे. पहसुकम् गास्तुव रुपियल् ५००क् रॅगेन एन्न. चेक्पत् भार गनु नोलॅबे. मेसे दन्वमि. – विदुहल्पति

मराठीत: सहावीच्या पालकांची सभा येत्या शुक्रवारी सकाळी ८.३० वाजता मुख्य सभागृहात होईल. सर्व पालकांनी उपस्थित राहणं आवश्यक आहे. प्रगतिपुस्तकं फक्त त्याच दिवशी दिली जातील. सुविधा शुल्काचे ५०० रुपये घेऊन या. धनादेश स्वीकारले जाणार नाहीत. असं कळवतो. – मुख्याध्यापक.

आपल्याला ओळखीचे किती शब्द निघाले पाहा: श्रेणी, प्रधान, शाला, प्रगती, वार्ता, रुपये. नामं अडवत नाहीत. अडवतात ती वाक्यांच्या शेवटची सहा रूपं: पॅवॅत्वे, युतुय, देनु लॅबे, एन्न, नोलॅबे, दन्वमि. त्यांपैकी बोलण्यात ऐकलेलं असतं फक्त 'एन्न'.

बोलताना सगळीकडे '–नवा' ऐकतो. मग कागदावर तो कुठे जातो?

बोलीतलं वर्तमानकाळाचं रूप सगळ्या कर्त्यांना एकच असतं. मम करनवा, अपि करनवा, एया करनवा, एगोल्लो करनवा: मी, आम्ही, तो किंवा ती, ते, कोणीही असो, क्रियापद हलत नाही. 'करतो, करते, करतात' अशी कसरत जन्मापासून करणाऱ्या मराठी माणसाला हे स्वर्गसुखच वाटतं.

लेखी भाषेत मात्र कर्ता क्रियापदात उतरतो. मी असेल तर करमि, आम्ही असू तर करमु, तो किंवा ती असेल तर करयि, ते असतील तर करति. तृतीय पुरुषी एकवचनाला काही क्रियापदांत –यि ऐवजी –ए लागतो. 'वेनवा' (होतं) याचं 'वे' होतं, 'लॅबेनवा' (मिळतं) याचं 'लॅबे' होतं आणि 'पॅवॅत्वेनवा' (भरतं, पार पडतं) याचं 'पॅवॅत्वे'. म्हणजे नमुन्यातल्या पहिल्या वाक्याचं क्रियापद तुम्हाला माहीत असलेलंच आहे, फक्त त्याची '–नवा' ही शेपटी काढून टाकली आहे.

सगळा तक्ता पाठ करू नका. शाळेच्या नोटिशीत 'तू' नसतो, 'तुम्ही' विनंतीच्या रूपात येतो आणि 'ते' क्वचित येतात. –मि, –मु आणि –ए एवढी तीन ओळखता आली की वर्षभराच्या बहुतेक नोटिसा वाचता येतात.

–मि आणि –मु यांत काय फरक पडतो? दोन्हींचा अर्थ 'कळवतो'च ना?

फरक सहीचा आहे. मुख्याध्यापक एकट्याच्या नावाने कळवतात तेव्हा 'दन्वमि' किंवा 'दन्वा सिटिमि' येतं, विनंती असेल तर 'इल्ला सिटिमि'. पालक-शिक्षक समिती किंवा वर्गशिक्षक मिळून लिहितात तेव्हा 'दन्वमु', 'इल्ला सिटिमु'. पैसे मागणाऱ्या कागदावर हे पाहण्यासारखं असतं, कारण मागणी शाळाप्रमुखांची आहे की समितीची हे शेवटच्या एका मात्रेवरून कळतं.

इथेच लिपी आडवी येते. මි म्हणजे मि, මු म्हणजे मु आणि ම් म्हणजे म्. पहिल्यात अक्षराच्या डोक्यावर कमान आहे, तिला इस्पिल्ल म्हणतात. दुसऱ्यात खाली शेपूट आहे, ती पापिल्ल. मु ओळखायला त्रास नाही. त्रास आहे तो मि आणि म् यांचा.

ම් आणि මි मला एकसारखेच दिसतात. कसे ओळखायचे?

नवख्या वाचकाची सर्वात जास्त चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण पाय मोडतो तसं सिंहलीत व्यंजन मोडण्यासाठी जे चिन्ह लागतं ते सगळ्या अक्षरांना एकसारखं नसतं. क, त, न, स, ल यांना ते वर उजवीकडे फडकणाऱ्या झेंड्यासारखं लागतं: ක්, ත්, න්. ते कमानीशी कधीच गोंधळत नाही. पण म, व, ब, ट, ड, च या गटाला वेगळं रूप आहे: ම්, ව්, බ්, ට්. यात अक्षराचीच वरची रेघ पुढे वळवलेली असते आणि लहान ठशात ती कमानीसारखी भासते. त्यामुळे ව් (व्) आणि වි (वि), ට් (ट्) आणि ටි (टि), බ් (ब्) आणि බි (बि) या सगळ्या जोड्या फसवतात. दीर्घ ई ची कमान टोकाला छोटी गाठ घेऊन येते: මී, වී. ती त्यामानाने लवकर ओळखू येते.

मळकट झेरॉक्सवर डोळा हरला तर व्याकरणाला विचारायचं. नोटिशीच्या शेवटी, सहीच्या अगदी वर, पूर्ण क्रियापद असायलाच हवं. तिथे 'दन्वम्' असं काही रूप असू शकत नाही, म्हणून ते දන්වමි, दन्वमि. उलट 'पहसुकम् गास्तुव' मध्ये म् नामाच्या शेवटी आहे आणि पुढे दुसरं नाम येतं, तिथे मि वाचलं तर शब्दच उरत नाही. तो පහසුකම්.

पॅवॅत्वे आणि लॅबे यांच्या शेवटी मला पाय मोडलेलं व्यंजन दिसतं. मग ए कुठून आला?

बरोबर दिसतं, फक्त अर्धंच पाहिलं गेलं. सिंहलीत ए ची मात्रा अक्षराच्या आधी, डावीकडे लिहितात. तिला कोंबुव म्हणतात: ෙ. ऱ्हस्व ए साठी एवढीच पुरते. दीर्घ ए साठी कोंबुव अधिक तेच मोडणारं चिन्ह. म्हणून ව් एकटा असेल तर व्, आणि डावीकडे कोंबुव असेल तर වේ, म्हणजे वे. ලැබේ मध्ये तेच: कोंबुव, मग ब, ब च्या डोक्यावर चिन्ह. मोडणारं चिन्ह इथे काहीच मोडत नाही, उलट स्वर लांबवतं.

क्रियापदाच्या शेवटचं अक्षर मोडलेलं वाटलं की आधी त्याच्या डावीकडे बघायची सवय लावून घ्या. वे आणि वी यांतला फरकही याने सुटतो. 'आरंभ वे' म्हणजे सुरू होतं, होणार आहे. 'अवलंगु वी ॲत' म्हणजे रद्द झालेलं आहे. වේ आणि වී, एकाच्या डावीकडे कोंबुव आहे, दुसऱ्याच्या नाही.

'रु' आणि 'रॅ' यांची अदलाबदल का होते?

कारण लिपीनेच ती केलेली आहे. ॲ ची मात्रा, ॲदपिल्ल, बाकी व्यंजनांना उजवीकडे लागते: කැ कॅ, පැ पॅ, ලැ लॅ. पण र ला उ लावताना नेहमीचं पापिल्ल वापरत नाहीत. तिथे ॲदपिल्लासारखाच आकार येतो: රු म्हणजे रु. मग रॅ साठी वेगळं रूप करावं लागलं: රැ. नियम शिकलेला माणूस රු पाहून हमखास रॅ वाचतो, आणि नियम त्याच्या बाजूने असूनही तो चुकतो.

नमुन्यात हे दोन्ही ठासून भरले आहेत. රැස්වීම रॅस्वीम (सभा), පෙරවරු पेरवरु (सकाळची वेळ), රුපියල් रुपियल्, රැගෙන रॅगेन (घेऊन). 'रुपियल् ५००क् रॅगेन एन्न' या एका वाक्यात दोन्ही आकार जवळजवळ उभे आहेत. हे वाक्य चारदा लिहून काढलं की जोडी डोळ्यात बसते. अर्थाचा आधार हवा असेल तर आकड्याच्या आधी येतो तो रु, असं धरून चला. शाळेच्या कागदावर हे सहसा चुकत नाही.

अक्षरांच्या इतर जोड्या कोणत्या? यादी द्या.

यादी देण्यापेक्षा एकेका शब्दात दोन्ही अक्षरं शेजारी असतील असे शब्द देतो, म्हणजे तुलना तिथल्या तिथे होते. න आणि ත: නැත नॅत (नाही). ව आणि ච: වචනය वचनय (शब्द). ම आणि ව: මව मव (आई). ග आणि හ: ගහ गह (झाड). ප आणि ෂ: පක්ෂය पक्षय (पक्ष). या शेवटच्या जोडीवर आपण हसावं, कारण आपले प आणि ष तसेच तर आहेत, पोटातल्या एका जादा रेघेचा फरक.

ද आणि ඳ ही जोडी थोडी वेगळी आहे. दुसरं अक्षर 'न्द' असं एका झटक्यात उच्चारायचं आणि त्याला डावीकडे जोड असते. ඩ–ඬ, ග–ඟ या जोड्याही त्याच जातीच्या. नोटिशीत त्यांच्यावाचून अर्थ क्वचितच अडतो, म्हणून मी त्यांना मागे ठेवतो.

ळ आणि ण आम्हाला येतात. मग सिंहलीत ते बोलायचे की नाही?

बोलायचे नाहीत, लिहायचे. सिंहलीत ල आणि ළ दोन्हींचा उच्चार ल होतो, න आणि ණ दोन्हींचा न. तिथली मुलं शुद्धलेखनात इथेच गुण घालवतात. मराठी माणूस ළමයි (मुलं) पाहून ठसक्यात 'ळमयि' म्हणतो, ते 'लमयि' असं म्हणायला हवं. ශ आणि ෂ यांचंही तसंच, आणि त्यात आपल्याला नवीन काही नाही.

लिहिताना मात्र ळ चुकला तर क्रियापद हातचं जातं. කළා म्हणजे केलं, කලා म्हणजे कला, आपलीच कला. कानाला दोन्ही एक. बक्षीस समारंभाच्या नोटिशीत दोन्ही एकाच परिच्छेदात भेटू शकतात. මල (फूल) आणि මළ (मेलेला) ही जोडीही अशीच. श्रद्धांजलीच्या कागदावर तिच्याबाबत सावध असलेलं बरं.

'कळा' वरून आणखी एक. बोलीत 'कळा' पुरुष, स्त्री, एक, अनेक सगळ्यांना चालतं. लेखी भाषेत भूतकाळाच्या तृतीय पुरुषी एकवचनात लिंग दिसतं: त्याने केलं तर 'कळेय', तिने केलं तर 'कळाय'. 'कळाय' पाहून बोलीतल्या 'कळा'ची आठवण येते आणि कर्त्याकडे दुर्लक्ष होतं. विजेता मुलगा की मुलगी हे त्या शेपटीत असतं.

'देनु लॅबे' हे काय प्रकरण आहे?

कर्मणी. '–नु लॅबे' म्हणजे 'केलं जातं, दिलं जातं'. कोण देणार ते सांगायचं नसतं तेव्हा हे रूप येतं. 'कळविण्यात येते', 'देण्यात येईल' असली सरकारी मराठी वाचलेल्यांना याचा वास लगेच ओळखू येईल. बोलीत हे रूप जवळपास नाहीच. 'निवाडु देनु लॅबे' (सुट्टी दिली जाईल) हे घरी कोणी म्हणणार नाही, 'निवाडु देनवा' म्हणतील.

काळाकडेही लक्ष असू द्या. रूप वर्तमानाचं असलं तरी नोटिशीत ते पुढच्या गोष्टीबद्दल असतं, तारीख काळ ठरवते. झालेली गोष्ट असेल तर बहुधा 'ॲत' येतं: 'अवलंगु कर ॲत', रद्द केलं आहे. बोलीत याचं 'अवलंगु करला तियेनवा' होतं.

नकार कुठे शोधायचा? बोलीत तर तो शेवटी असतो.

हा प्रश्न सर्वात कामाचा आहे. बोलीत 'गन्ने नॅहॅ' (घेत नाहीत), 'एन्ने नॅहॅ' (येत नाही) असा नकार वाक्य संपताना येतो, आपल्या 'नाही'सारखा. त्यामुळे कान आणि डोळा शेवटाकडे लागलेले असतात. लेखी भाषेत नकार क्रियापदाच्या आधी चिकटतो: लॅबे आणि नोलॅबे, पॅवॅत्वे आणि नोपॅवॅत्वे, हॅकि (शक्य) आणि नोहॅकि. शेवट दोन्हींत तंतोतंत सारखा. शेवटचं अक्षर पाहून वाक्य समजलं असं मानणारा पालक सभा रद्द झालेल्या दिवशी शाळेत पोचतो.

නො कसा दिसतो तेही पाहा: डावीकडे कोंबुव, मध्ये न, उजवीकडे काना. तीन तुकडे. लांब शब्दाच्या सुरुवातीला कोंबुव दिसली की थांबून तो न आहे का ते बघावं. न आणि त चा घोळ इथे महागात पडतो.

'नॅत' आणि 'नोमॅत' ही स्वतंत्र नकारार्थी रूपंही येतात, दोन्हींचा अर्थ 'नाही'. ती मात्र वाक्याच्या शेवटीच असतात.

'युतुय' म्हणजे सक्ती की विनंती?

सक्ती. 'पॅमिणिय युतुय' म्हणजे यायलाच हवं. बोलीत 'एन्न ओने'. विनंतीसाठी 'पॅमिणेन मेन् इल्ला सिटिमि' (यावे अशी विनंती करतो) किंवा साधं '–न्न' येतं. 'रॅगेन एन्न' मधला '–न्न' बोलीत आणि लेखी भाषेत दोन्हीकडे चालतो, म्हणून तो एकटाच ओळखीचा वाटला. आणि 'तहनम्य' दिसलं तर ती बंदी आहे. त्यातला शेवटचा य म्हणजे 'आहे'. बोलीत नुसतं 'तहनम्'.

हीच नोटीस एखादी आई दुसरीला फोनवर कशी सांगेल?

साधारण अशी:

> सिकुरादा उदे अटहमारट रॅस्वीमक् तियेनवा. ओक्कोम एन्न ओने. रिपोर्ट् एक देन्ने एदा वितरयि. रुपियल् पन्सियक् गेन्न. चेक् गन्ने नॅहॅ.

'पॅवॅत्वे'च्या जागी 'तियेनवा' आलं. 'पेरवरु' जाऊन 'उदे' आलं. '८.३०' चं 'अटहमार' झालं, म्हणजे आठ आणि अर्धा. आपण 'साडे' आधी लावतो, ते अर्धा नंतर लावतात. 'एदिन पमणक्' (फक्त त्या दिवशी) याचं 'एदा वितरयि' झालं आणि ते वाक्याच्या शेवटी गेलं. त्याबरोबर क्रियापदाने '–नवा' सोडून 'देन्ने' हे रूप घेतलं. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल किंवा नकार द्यायचा असेल तेव्हा बोलीत हे '–न्ने' येतं, 'गन्ने नॅहॅ' मध्येही तेच आहे. म्हणजे बोलीचं क्रियापद अगदीच एकसुरी नाही. ते कर्त्याप्रमाणे बदलत नसलं तरी जोर कशावर आहे त्याप्रमाणे बदलतं.

शाळेला उत्तर लिहायचं तर कोणती भाषा वापरू?

कागदावर अर्ज असेल तर औपचारिक. मुलगा आजारी असेल तर हे एक वाक्य पुरतं: 'मगे पुता असनीपव सिटिन बॅविन् अद दिनट निवाडु लबा देन मेन् कारुणिकव इल्ला सिटिमि.' माझा मुलगा आजारी असल्याने आजच्या दिवसाची रजा द्यावी ही नम्र विनंती. मुलगी असेल तर 'पुता' ऐवजी 'दुव'. शेवटचा मि नीट काढा, कमान स्पष्ट दिसू द्या.

वर्गशिक्षिकेला मोबाइलवर निरोप पाठवताना बोली चालते: 'टीचर्, पुताट असनीपयि, अद एन्ने नॅहॅ.' तिथे 'इल्ला सिटिमि' लिहिलं तर चूक नाही, पण वाचणाऱ्याला ते घरात कोट घालून बसल्यासारखं वाटेल. एकाच वाक्यात दोन्हींची सरमिसळ मात्र टाळा. 'कारुणिकव' ने सुरू करून '–नवा' ने संपवलेलं वाक्य तिथल्या माणसाच्या कानाला फार खटकतं.

नोटीस संगणकावर कॉपी केली तर भलतीच रोमन अक्षरं येतात. का?

ती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. अशा फाँटमध्ये आतून रोमन अक्षरंच असतात, फक्त त्यांवर सिंहली आकार चढवलेले. मराठीत जुन्या डीटीपी फाँटचा अनुभव असलेल्यांना हे सांगायला नको. फाइल खराब नाही, पण त्यात शब्द शोधता येणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल, किंवा छापून डोळ्यांनी वाचावं लागेल.